ताणलेलं धनुष्य आणि ओली काच

खानदेशातल्या भिल्लांचे १८६०च्या दशकातले म्हणून फिरणारे फोटो साधारण एकाच साच्याचे असतात: कमरेला आखूड वस्त्र, हातात ताणलेलं धनुष्य, मागे झाडी किंवा खडक. असा फोटो समोर आला की आधी तो काढायला किती वेळ लागला असेल, हे विचारावं.

त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे शेजारी अंधारी राहुटी आणि बाटल्यांची पेटी हवीच. लेन्स काही सेकंद उघडी राही. तेवढा वेळ खरोखर ताणलेलं धनुष्य धरून पाहा, हात थरथरतोच! म्हणून भिंगातून बाणाचं टोक आणि दोरीवरची बोटं पाहावीत. तिथे सगळं स्पष्ट असेल, तर दोरी बहुधा सैल आहे किंवा हाताला आधार दिलेला आहे. उभ्या माणसाच्या टाचांमागे कधी कधी डोकं स्थिर धरणाऱ्या लोखंडी स्टँडचा पायही दिसतो. मात्र जोरात हलणारी वस्तू गोठल्यासारखी स्पष्ट दिसली, तर तारखेवरच शंका घ्यावी. क्षणात फोटो टिपणाऱ्या कोरड्या प्लेटा १८८०च्या सुमारास रुळल्या.

मग सावल्या. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि मागच्या झाडांवर उजवीकडून असेल, तर ही दोन चित्रं जोडलेली आहेत. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनच्या मुंबईतल्या लोकांवरच्या अल्बममध्ये (१८६३ आणि १८६६) माणसं कापून वेगळ्याच देखाव्यावर बसवली आहेत. ओल्या काचेच्या पद्धतीची आणखी एक खोड म्हणजे काच निळा प्रकाश चटकन पकडते, तांबडा-पिवळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे लाल पागोटं काळं दिसतं आणि कातडीही असते त्याहून सावळी उतरते. त्यावरून ‘वंशाचं वर्णन’ करणाऱ्यांनी हे क्वचितच ध्यानात घेतलं.

फोटो कोणी काढवून घेतला, हे अल्बमच्या हेतूवरून कळतं. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८ ते १८७५) हा सरकारी प्रकल्प होता. १८५७नंतर राज्यकर्त्यांना माणसांची जातवार ओळख हवी होती, म्हणून त्यात व्यक्तीचं नाव सहसा गौण आणि जमातीचं नाव ठळक. मथळा लिहिणारा फोटो काढणाराच असेल असंही नाही.

आणि चौकटीत काय नाही? खानदेश भिल्ल कोअर ही इंग्रजांची भिल्ल पलटण १८२५ सालीच उभी राहिली होती. म्हणजे फोटोच्या वेळेला या भागात भिल्ल शिपाई गणवेशात चाकरी करत चाळीसेक वर्षं झाली होती. १८५७-५८मध्ये खाज्या नाईक यांच्यासारखे नाईक इंग्रजांशी लढले, तेही ताजंच होतं. धनुष्यवाल्या चित्रात यातलं काहीच येत नाही. पलटणीच्या नोंदी आणि महसुली कागद त्या फोटोशेजारी ठेवून वाचावेत. शक्य असेल तिथे कडा न कापलेली प्रत मागावी. पडद्याचा काठ किंवा बाजूला उभा माणूस अनेकदा तिथेच सापडतो.