मॉक्युमेंटरी करताय? कॅमेरा भाड्याने नेण्याआधी हे वाचा

(माध्यम अभ्यासाच्या विद्यार्थ्यांसाठी, आमच्या कणकवलीच्या स्टुडिओकडून)

दरवर्षी परीक्षेच्या आधी तीन-चार गट आमच्या एडिटिंग टेबलावर मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाचं सोंग घेतलेली काल्पनिक फिल्म, घेऊन येतात. चित्रण बरं असतं, आवाज चालण्यासारखा असतो, पण फिल्म अर्ध्यावर विस्कटलेली असते. पहिली चार मिनिटं खऱ्या माहितीपटासारखी आणि पुढची चार गॅदरिंगमधल्या नाटुकल्यासारखी. एडिटिंगमध्ये हे सुधारता येईल का, असं मुलं विचारतात. येत नाही. चूक संहितेतली असते आणि ती कागदावरच पकडावी लागते.

मॉक्युमेंटरीत खोटी गोष्ट एकच असावी. बाकी सगळं खरं, आणि तेही गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडतानाचं वृत्त दाखवलं होतं. जेमतेम तीन मिनिटांचं. निवेदन रिचर्ड डिम्बलबी या प्रतिष्ठित पत्रकाराचं, नेहमीच्याच भारदस्त आवाजात. स्पॅगेटी झाडाला लागते, एवढंच त्यातलं खोटं. पुढची वाक्यं त्यातूनच निघाली: यंदा थंडी सौम्य होती, कीड जवळजवळ नाहीशी झाली, आणि सगळे धागे सारख्या लांबीचे निघतात ते बागायतदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीमुळे. निवेदक कुठेही हसला नाही. झाड कसं लावायचं, हे विचारायला लोकांनी बीबीसीला फोन केले.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. हे आम्ही समजावण्यासाठी रचलं आहे, पण त्यातल्या चुका टेबलावर नेहमी दिसणाऱ्या आहेत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच. हे खरं. यात आपलं एक खोटं घालायचं: तालुक्यात ‘नाक-तपासनीस’ नावाचं पद आहे. तो पेटी हुंगून आंबा कुठल्या गावचा ते सांगतो आणि शिक्का मारतो. नक्कल कशाची करायची? टीव्हीवरच्या शेतीविषयक कार्यक्रमाची. म्हणजे प्रमाण मराठीत संथ निवेदन, बागेत उभा राहून प्रश्न विचारणारा मुलाखतकार, बोलणाऱ्याच्या खाली नाव-गाव-तालुक्याची पट्टी. एकदा हे ठरलं की मध्येच ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी आणायची नाही. ती दुसऱ्याच प्रकाराची नक्कल झाली.

संहितेच्या आधी एका पानावर नियम लिहा. नाकाला गाव कळतं, झाड कळत नाही. हंगामभर तपासनिसाने मासळी खायची नाही. सर्दी झाली की शिक्का बंद. एवढे तीन पुरे. झेल्याने उतरवणं, पेंढ्यात अढी लावणं, पेट्या भरून वाशीला पाठवणं हे जसं आहे तसंच दाखवा. खऱ्या कामाचे हात दिसले की खोट्यावर विश्वास बसतो.

समजा सहाव्या दृश्यात कुणीतरी लिहिलं, की तपासनीस आंबा हुंगून झाड सांगतो, तो कोणी उतरवला ते सांगतो, आणि त्या गड्याला मुलं किती तेही सांगतो. वाचताना सगळा गट हसतो. पण नियम मोडला. शेवटच्या दृश्यात तपासनिसाला सर्दी झाली आहे आणि पेट्यांचे टेम्पो बाहेर खोळंबले आहेत. आता त्यात दम राहत नाही. नाकाला काहीही जमत असेल, तर सर्दी ही अडचण कसली? शेवटच्या दृश्यातली मजा तिसऱ्या नियमावर उभी असते, आणि सहाव्या दृश्यातल्या एका फुकट हशासाठी ती आपण घालवतो.

मग फिल्म वाढवायची कशी? नियमाच्या आतच. उमेदवारांची नाक-चाचणी दाखवा. निवृत्त तपासनीस दाखवा, ज्याला आता वासच येत नाही आणि तरी रोज सकाळी कार्यालयाबाहेर येऊन बसतो. नाकासाठी मंत्रालयातून हेलिकॉप्टर आलं, हे मात्र दुसरं खोटं. प्रत्येक नव्या प्रसंगाला विचारा: हे नाकामुळेच घडलं का? दोन पायऱ्यांत उत्तर मिळत नसेल, तर प्रसंग काढा.

निवेदन तपासायची आमची एक युक्ती आहे. ‘नाक’च्या जागी ‘यंत्र’ घालून वाचा. “तालुक्यात सध्या दोन नाकं कार्यरत असून त्यांपैकी एक दुरुस्तीसाठी मुंबईला गेलं आहे.” यंत्र घातलं तरी वाक्य जसंच्या तसं चालतं, म्हणजे सूर बरोबर. “बघा, हा बाबा काय काय हुंगतो!” इथे यंत्र बसत नाही, कारण निवेदकाला गंमत कळली आहे. ती त्याला कधीच कळता कामा नये. टॉइंग-टॉइंग संगीत हेही असलंच डोळा मारणं आहे. ते लावा म्हणून आग्रह धरलात तर लावून देऊ, पण मनाविरुद्ध.

हसू येतं ते बोलणं आणि दिसणं यांच्या फटीतून. तपासनीस सांगतो, “चार महिने मी माशाक हात लावूक नाय.” मागे ओट्यावर ताट, ताटात बांगड्याचे काटे. संहिता दोन रकान्यांत लिहा, डावीकडे चित्र आणि उजवीकडे ध्वनी. मग ताट डावीकडे येतं आणि उजवीकडे त्याचा उल्लेखही नसतो. कॅमेरा ताटावर झूम करत नाही, मुलाखतकार विचारत नाही. प्रेक्षकाला ते स्वतःला सापडू द्या. पात्रांची उत्तरं शब्दशः पाठ करून घेऊ नका, मुद्दे द्या आणि त्यांच्या मालवणीत बोलू द्या. निवेदन मात्र अक्षरशः लिहा.

कॅमेऱ्याचाही एक नियम असतो, आणि तो सर्वांत जास्त विसरला जातो. हे चित्रण करणारी माणसं कोण, आणि त्यांना कुठे प्रवेश आहे? शेतीच्या कार्यक्रमाची टीम मध्यरात्री तपासनिसाच्या माजघरात नवरा-बायकोचं भांडण टिपायला असणार नाही. तो प्रसंग हवाच असेल, तर दुसऱ्या दिवशी पडवीत मुलाखत घ्या. बायको म्हणेल, “काय एक नाय झाला,” आणि तो तोंड फिरवून बसलेला दिसेल. हेच जास्त चांगलंही दिसतं.

एक सावधगिरी. खऱ्या गावाचं, बागायतदाराचं किंवा कार्यालयाचं नाव घेऊ नका, आणि शिक्का खऱ्या शासकीय शिक्क्यासारखा बनवू नका. अर्ध्या मिनिटाचा तुकडा व्हॉट्सॲपवर गेला की त्याच्यासोबत श्रेयनामावली जात नाही. फिल्म काल्पनिक असल्याची पाटी शेवटी टाका, आणि दिसणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगा की हे विडंबन आहे.

बुकिंगला येताना नियमांचं पान आणि दोन रकान्यांची संहिता आणा. आम्ही लाल पेनाने फक्त खोट्या गोष्टींखाली रेघ मारतो. सगळ्या लाल रेघा नाकापाशी येऊन मिळाल्या तर त्याच दिवशी कॅमेऱ्याची तारीख देतो. आंब्याचं चित्रण हवं असेल तर एप्रिलच्या आधी या. मेच्या अखेरीस बागेत दाखवायला फक्त पानं उरतात.