अवकाश जुना, मोजपट्टी नवी : डेल्टा ई सूत्रांची पार्श्वभूमी

दोन रंगांमधला फरक एका आकड्यात सांगता यावा, ही गरज रंगारी, छपाई आणि कापड या व्यवसायांना फार पूर्वीपासून होती. १९३१ मध्ये ठरलेल्या एक्सवायझेड पद्धतीने कोणताही रंग तीन आकड्यांनी नोंदवता येऊ लागला, पण त्या आकड्यांमधले अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाशी जुळत नव्हते. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ही विसंगती स्पष्ट दाखवली. रंग-आकृतीवर एखाद्या बिंदूभोवती 'फरक जेमतेम कळतो' अशी सीमा आखली, तर ती वर्तुळ न होता लंबवर्तुळ होत होती आणि हिरव्या भागातली लंबवर्तुळे निळ्या भागातल्यांपेक्षा कितीतरी मोठी येत होती. पुढील तीन दशकांत निरनिराळ्या उद्योगांनी आपापली सूत्रे वापरली आणि एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या उपयोगाचा राहिला नाही.

१९७६ चा निर्णय या गोंधळावरचा उपाय होता. प्रकाश आणि रंग यांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या वर्षी एक नव्हे तर दोन अवकाशांची, म्हणजे प्रत्येक रंगाला तीन आकड्यांनी बिंदूसारखे मांडणाऱ्या चौकटींची, शिफारस केली. लव्ह हा अवकाश दूरदर्शन आणि प्रकाशयोजना या क्षेत्रांना सोयीचा होता, कारण त्याच्या रंग-आकृतीवर दोन प्रकाशांचे मिश्रण सरळ रेषेवर पडते. रंगद्रव्यांशी काम करणाऱ्यांनी मात्र लॅब स्वीकारला. त्यात एक्सवायझेडच्या मूल्यांना संदर्भ-पांढऱ्याने, म्हणजे पांढरा म्हणून धरलेल्या रंगाच्या मूल्यांनी, भागून त्यांचे घनमूळ घेतले जाते, आणि त्यातून उजळपणा L*, लाल-हिरवा अक्ष a* व पिवळा-निळा अक्ष b* असे तीन आकडे निघतात. मधल्या करड्या अक्षापासूनचे अंतर म्हणजे क्रोमा, म्हणजेच रंगाची तीव्रता, आणि त्या अक्षाभोवतीचा कोन म्हणजे रंगछटा. दोन रंगांमधला फरक, म्हणजेच डेल्टा ई, मोजण्याचे सूत्र शाळेच्या भूमितीतले होते :

```
ΔE*ab = √(ΔL*² + Δa*² + Δb*²)
```

साधेपणा हे या सूत्राचे बळ होते आणि मर्यादाही. करड्याच्या जवळ डोळा बारीक फरक टिपतो, पण तीव्र रंगांत तेवढाच फरक त्याला जेमतेम जाणवतो. लॅबमध्ये ही बाब पुरेशी उतरलेली नाही. उजळपणा ८० असलेला करडा आणि पिवळ्या अक्षावर त्यापासून ५ एकक सरकलेला रंग घेतला, तर डेल्टा ई ५ येतो आणि फरक पाहताक्षणी कळतो. त्याच उजळपणाच्या तीव्र पिवळ्या रंगाचे a* मूल्य ५ कायम ठेवून b* मूल्य ९० वरून ९५ केले, तरी डेल्टा ई ५ च येतो. मात्र हे दोन पिवळे वेगळे ओळखण्यासाठी ते कडेला कड लावून निरखावे लागतात. 'एक एकक म्हणजे जेमतेम कळणारा फरक' असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, पण या सूत्रासाठी नंतर निघालेला सरासरी उंबरठा सुमारे २.३ आहे आणि तोही रंगागणिक बदलतो.

येथून पुढे दोन मार्ग होते. एक, अवकाशच नव्याने आखायचा, म्हणजे त्यातले सरळ अंतर खरे ठरेल. दुसरा, अवकाश तसाच ठेवून फक्त अंतर मोजण्याची पट्टी बदलायची. सर्व उपकरणे, नोंदी आणि करार लॅबच्या आकड्यांत लिहिले गेलेले असल्यामुळे दुसरा मार्ग निवडला गेला. व्यवहाराच्या दृष्टीने ही निवड समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत अजून मोजली जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८४ मध्ये कापड उद्योगातून सीएमसी सूत्र आले. त्याने उजळपणा, तीव्रता आणि छटा यांच्या फरकांना रंगानुसार निरनिराळे वजन दिले. १९९४ च्या सूत्राने हीच कल्पना सोपी केली. त्यात तीव्रतेचा फरक १ + ०.०४५ × क्रोमा या संख्येने भागला जातो. वरच्या पिवळ्या जोडीसाठी ही संख्या सुमारे ५ येते, त्यामुळे डेल्टा ई ५ वरून १ वर उतरतो, तर करड्यासाठी ती १ असल्याने ५ हा आकडा कायम राहतो. डोळ्याच्या साक्षीशी हे बरेच जुळते. अडचण अशी की भागाकारात क्रोमा प्रमाण-नमुन्याचा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या रंगाचा, घेतला जातो. करड्याऐवजी ५ एकक पिवळसर रंगालाच प्रमाण मानले, तर भागणारी संख्या १.२२५ होते आणि त्याच जोडीचा फरक ५ ऐवजी ४.१ येतो. म्हणजे कोण प्रमाण आणि कोण नमुना, यावर उत्तर ठरते.

२००० च्या सूत्राने दोन्ही रंगांच्या क्रोमाची सरासरी घेऊन ही असमानता काढून टाकली. आता करड्याची जोडी कोणत्याही दिशेने ४.५ येते आणि पिवळी जोडी १ च्या आसपासच राहते. निळ्या भागातली लंबवर्तुळे तिरपी असल्यामुळे त्या भागासाठी वेगळे वळणाचे पदही त्यात जोडले गेले. परंतु दुसरी एक अडचण सरासरी घेऊनही तशीच राहिली. उजळपणा ८० च्या करड्यापासून पिवळ्या अक्षावर ८० एकक दूर असलेला रंग या सूत्राने थेट मोजला, तर फरक २८.६ येतो. वाटेत ४० एककांवर थांबून दोन टप्प्यांत मोजला, तर आधी २१.१ आणि मग १०.८, म्हणजे एकूण ३१.९ होतो. एकाच सरळ रेषेवर हे घडत असेल, तर या आकड्याला 'अंतर' म्हणून बेरीज-वजाबाकी करता येत नाही. शिवाय हे सूत्र साधारण ५ एककांपर्यंतच्या लहान फरकांसाठी, करड्या पार्श्वभूमीवर कडेला कड लावलेल्या मोठ्या नमुन्यांसाठी बसवलेले आहे. दोन संपूर्ण वेगळे रंग किती लांब आहेत, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे आज नुसते 'डेल्टा ई २ च्या आत' असे लिहिलेल्या अटीला निश्चित अर्थ उरलेला नाही. वरची पिवळी जोडी २००० च्या सूत्राने उत्तीर्ण होते आणि १९७६ च्या सूत्राने साफ नापास होते. सीएमसीत तर उजळपणा व तीव्रता यांचे प्रमाण २:१ की १:१, हेही लिहावे लागते. पहिले प्रमाण माल स्वीकारार्ह आहे का हे ठरवण्यासाठी आहे, दुसरे फरक दिसतो का हे पाहण्यासाठी. संदर्भ-पांढरा जुळला नाही, तर मुळातले लॅब आकडेच तुलनेच्या लायकीचे राहत नाहीत. छपाईत डी५० आणि पडद्यांच्या कामात डी६५ हा संदर्भ-पांढरा रूढ असल्यामुळे ही गफलत वारंवार होते. सूत्राचे नाव न दिलेला आकडा तपासायचा असेल, तर दोन्ही नमुन्यांची मूळ लॅब मूल्ये मागवून हिशेब स्वतः करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

अवकाशच नव्याने आखण्याचा सोडून दिलेला मार्ग अलीकडे पुन्हा खुला झाला आहे. लॅबमध्ये गडद निळ्याची तीव्रता कमी करत गेल्यास तो जांभळ्याकडे झुकतो, हा दोष मोजपट्टी बदलून जात नाही, कारण तो अवकाशाच्या आकारातच आहे. २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब अवकाशात घनमुळाची कल्पना तशीच ठेवून गुणक नव्याने बसवले गेले आणि निळ्याचा हा झुकाव बराच कमी झाला. वेबपानांच्या रंगांसाठीच्या नियमांत आता ओकेलॅब आणि लॅब हे दोन्ही आहेत. कापड आणि छपाईच्या करारांत मात्र लॅबचेच आकडे लिहिले जातात.