पाण्याची ‘बॉनी’ कशी होते?

मोबाइलवर डिक्टेशन चालू करून कुणी स्वच्छ मराठीत म्हणतं, ‘काका, आज पाणी बरं आलं’ आणि पडद्यावर असं काहीतरी उमटतं:

```
Gaga odds Bonnie but all of
```

हे पाहून घरातलं कुणीतरी हमखास सल्ला देतं : हळू बोल, मोठ्याने बोल, एकेक शब्द तोडून बोल. मराठीचं उच्चारण यंत्राला झेपत नाही, असंही एक मत ऐकू येतं. दोन्ही चुकीचं आहे. यंत्राने आवाज नीट ऐकलेला आहे. फक्त त्याची भाषा ‘इंग्रजी, अमेरिका’ अशी ठेवलेली आहे. वरचं वाक्य मी ध्वनिशास्त्राच्या नियमांनी हाताने मांडलं आहे. प्रत्येक फोनवर अक्षरशः हेच येईल असं नाही, पण येणारा गोंधळ याच जातीचा असतो आणि त्यातला जवळपास प्रत्येक शब्द का आला हे सांगता येतं.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. माइकमधून आलेल्या आवाजाचे साधारण 25 मिलिसेकंदांचे तुकडे घेतले जातात. दर 10 मिलिसेकंदांनी नवा तुकडा सुरू होतो, म्हणजे सेकंदाला शंभर. प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीतल्या कंपनांना किती जोर आहे ते मोजतात. इथपर्यंत भाषेचा काहीच संबंध नसतो. मराठी, तमिळ, कुत्र्याचं भुंकणं, सगळ्यांची मोजणी एकाच रीतीने होते. भाषा येते ती पुढच्या पायरीवर. हे आकडे इंग्रजीतल्या कोणत्या ध्वनीशी जुळतात आणि त्या ध्वनींचे कोणते इंग्रजी शब्द शेजारी शेजारी येऊ शकतात, हा हिशेब तिथे होतो. नव्या प्रणालींत या दोन पायऱ्या एकाच मोठ्या जाळ्यात मिसळलेल्या असतात, पण इथे त्याने फरक पडत नाही.

आता ‘काका’चं ‘गागा’ कसं झालं ते पाहू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो, हवा अडते, मग जीभ सुटते. जीभ सुटल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंत जो वेळ जातो, तो फार महत्त्वाचा. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली अकरा भाषांमध्ये हा वेळ मोजून दाखवला आणि त्या अकरांत मराठीही होती. अमेरिकन इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘क’साठी हा वेळ सरासरी 80 मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, तर ‘ग’साठी साधारण 20. मराठी ‘क’ वीस-पंचवीसच्या घरात असतो. म्हणजे घड्याळ लावून पाहिलं तर आपला ‘क’ हा त्यांच्या ‘ग’च्या जागेवर बसतो. त्यांच्या ‘क’च्या जागेवर बसतो तो आपला ‘ख’. आपल्या ‘ग’मध्ये तर जीभ सुटायच्या आधीच कंप सुरू झालेला असतो, आणि इंग्रजी प्रणाली त्यालाही ‘ग’च म्हणते. मराठीचे तीन वेगळे कप्पे इंग्रजीच्या दोन कप्प्यांत कोंबले जातात आणि ‘क’ व ‘ग’ एकाच कप्प्यात पडतात.

‘प’चंही तेच. इंग्रजी ‘प’ला सुमारे 58 मिलिसेकंद लागतात, मराठी ‘प’ला जवळजवळ शून्य. म्हणून ‘पाणी’तला ‘प’ तिकडे ‘ब’ ठरतो. पुढचा ‘आ’ अमेरिकन ‘ऑ’शी छान जुळतो, ‘ण’साठी इंग्रजीत वेगळा कप्पाच नसल्यामुळे तो ‘न’मध्ये जातो, शेवटी ‘ई’. झाली ‘बॉनी’. हे मुलीचं नाव इंग्रजी मजकुरात पुरेसं आढळतं, त्यामुळे प्रणालीला ते पटकन सापडतं. अशा गोंधळात विशेषनामं जास्त का दिसतात त्याचं उत्तर यातच आहे. नाव वाक्यात जवळपास कुठेही बसू शकतं, त्यामुळे आधीचे-नंतरचे शब्द जुळले नाहीत तरी त्याला फारसा दंड बसत नाही.

‘आज’मधला ‘ज’ हा ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखा, दंततालव्य. तो ‘ड्झ’च्या जवळ जातो आणि ‘ऑड्झ’ हा इंग्रजी शब्द तयारच आहे.

सगळ्यात सुंदर प्रकार ‘बरं आलं’चा. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांच्या मध्ये ‘ट’ किंवा ‘ड’ आला की जीभ टाळूला फक्त एक झटका मारून खाली येते. म्हणून अमेरिकन माणसाचं ‘वॉटर’ आपल्याला ‘वॉरर’सारखं ऐकू येतं. मराठीचा स्वरांमधला ‘र’ नेमका हाच झटका आहे. त्यामुळे अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेल्या प्रणालीला आपल्या ‘र’मध्ये ‘ट’ किंवा ‘ड’ दिसतो. ‘बरी’ म्हटलं की ‘बडी’, ‘परी’ म्हटलं तरी ‘बडी’, कारण ‘प’ आधीच ‘ब’ झालेला असतो. ‘बरं आलं’ सलग बोललं की ‘बट ऑल’ आणि मागे एक पुसट ‘अ’ उरतो. इंग्रजीत ‘ऑल’नंतर पुसट ‘अ’ आला तर तो बहुतेक वेळा ‘ऑफ’चा अवशेष असतो, हे प्रणाली लाखो वाक्यांवरून शिकलेली असते. म्हणून तिने ‘ऑफ’ लिहून टाकलं. आवाजात ‘फ’ नव्हता. तो तिच्या सवयीने घातला.

सेटिंग ‘इंग्रजी, भारत’ असं असेल तर चित्र बदलतं. ती प्रणाली भारतीयांच्या बोलण्यावर शिकलेली असते आणि आपण इंग्रजी बोलतानाही ‘प’, ‘क’ हवा न सोडताच म्हणतो. तिथे ‘पाणी’चं ‘पोनी’ होईल किंवा थेट रोमन लिपीत pani येईल. ‘गागा’, ‘बॉनी’, ‘बडी’ दिसले तर भाषा अमेरिकन आहे. रोमन लिपीतली मराठी अधूनमधून डोकावत असेल तर भारतीय इंग्रजी.

पण इतकं विसंगत वाक्य लिहिताना यंत्र थांबत का नाही? कारण ‘यातलं काहीच नाही’ असा पर्याय त्याच्यापुढे बहुधा नसतो. प्रत्येक क्षणी उपलब्ध इंग्रजी तुकड्यांमध्ये संभाव्यता वाटली जाते आणि त्यांची बेरीज एकच भरली पाहिजे. सगळेच उमेदवार वाईट असले तरी त्यातल्या त्यात बरा निवडून येतो. शब्दलेखन मात्र बहुतेक वेळा अचूक असतं, कारण चुकीच्या स्पेलिंगचा शब्द त्याच्या साठ्यात सहसा नसतो. माणसाचं डोकंही असंच वागतं. 1960 च्या दशकात कोन्स्टान्टिन राउदिव्हे नावाच्या लाटव्हियन गृहस्थाने टेपवरच्या खरखरीत मृतांचे आवाज शोधण्याचा ध्यास घेतला होता आणि ते मृतात्मे एकाच वाक्यात अनेक भाषा मिसळून बोलतात असं तो सांगे. तो स्वतः बहुभाषिक होता, हे लक्षात घेतलं की मृतात्म्यांची गरज उरत नाही. गाणं उलटं वाजवून त्यात गुप्त संदेश ऐकणाऱ्यांचंही तेच. आणि ‘आमचं यंत्र तुमच्या मनातलं ओळखतं’ असं सांगणाऱ्या जाहिराती याच माळेतल्या. भाषा कोणती हेसुद्धा बऱ्याचदा त्या यंत्राला तुम्हीच सांगावं लागतं.

घरच्या सल्ल्याचं काय होतं? मोठ्याने बोलून फारसं काही होत नाही, कारण आवाजाची पातळी बहुधा आतच सारखी केली जाते. शब्द तोडून बोलणं तर उलट नुकसान करतं. मध्ये थांबलात की यंत्राला शब्दांच्या नव्या सीमा मिळतात आणि एका मराठी शब्दाचे दोन-तीन छोटे इंग्रजी शब्द होतात.

दोष भाषेचा आहे की माइकचा, हे ओळखायची खूण सोपी आहे. माइक किंवा नेटवर्क खराब असेल तर शब्द गळतात, वाक्य अर्धवट राहतं. भाषा चुकली असेल तर वाक्याची लांबी तुमच्या बोलण्याएवढीच असते, सगळे शब्द शुद्ध असतात आणि मुख्य म्हणजे तुम्ही बोललेले ‘ऑफिस’, ‘मीटिंग’, ‘बँक’ असे शब्द त्या गोंधळाच्या मधोमध बरोबर येतात. भाषा हिंदीवर असेल तर लिपी देवनागरीच दिसते आणि चूक उशिरा लक्षात येते. तिथे ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘आहे’चं ‘है’ झालंय का ते पाहावं.

दुरुस्ती करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : मेनूची भाषा, कीबोर्डची भाषा आणि डिक्टेशनची भाषा ही तीन वेगळी सेटिंग्ज असू शकतात. मेनू मराठीत दिसतो म्हणून माइकही मराठी ऐकतो असं नाही. जीबोर्डमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि माइक दाबण्यापूर्वी स्पेसबारजवळच्या पृथ्वीगोलाच्या बटणाने मराठी कीबोर्डवर या. गूगल डॉक्समध्ये क्रोम ब्राउझरवर Ctrl+Shift+S दाबलं की माइकचा चौकोन येतो. भाषा त्या माइकच्या वरच्या यादीतून निवडायची, दस्तऐवजाची भाषा वेगळी. एखाद्या वेबसाइटवरच्या माइकमध्ये गोंधळ होत असेल तर तो बहुधा बनवणाऱ्याचा असतो. ब्राउझरच्या ध्वनिओळखीला भाषा सांगितली नाही तर ती पानाच्या `lang` वरून घेते, तेही नसेल तर ब्राउझरच्या भाषेवरून. त्यावर एका ओळीचा उपाय आहे:

```
recognition.lang = "mr-IN";
```

उमटून गेलेला गोंधळ मात्र मजकुरावरून परत मराठीत आणता येत नाही. ‘बॉनी’ दिसलं तर मूळ शब्द ‘पाणी’ होता की ‘बाणी’, हे ठरवणारा फरक आधीच पुसला गेलेला असतो. ध्वनिमुद्रण जपलं असेल तरच ते नव्याने ऐकवता येतं. बोलणं लिहून देणारं, 2022 साली खुलं झालेलं व्हिस्पर हे मॉडेल संगणकावर बसवलेलं असेल तर त्यालाही भाषा स्पष्ट सांगावी. न सांगितल्यास ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि आपल्या सभा तर ‘हॅलो, गुड मॉर्निंग, ऑडिबल आहे का?’ने सुरू होतात. इंग्रजी ठरली की इथे आणखी एक धोका असतो. या मॉडेलला इंग्रजीत भाषांतर करायलाही शिकवलेलं असल्यामुळे ‘बॉनी’ऐवजी गुळगुळीत, अर्धंमुर्धं इंग्रजी भाषांतर येऊ शकतं आणि ते वाचून कुणाला संशयही येत नाही. तेव्हा हे असं:

```
whisper sabha.m4a --language Marathi --task transcribe
```