गेस्ट अकाउंट: खेळ सर्व्हरवर, चावी फोनमध्ये

खानापूरच्या एका पोराचा फोन सारखा हँग व्हायचा. बेळगावात खडेबाजारातल्या दुकानात तो फॅक्टरी रीसेट करून घेतला. गूगलवर चढवलेले फोटो परत आले, पण गेम उघडला तर लेव्हल 1. तो गेस्ट म्हणून खेळत होता.

'Guest' दाबलं की गेमचा सर्व्हर नवा प्लेयर आयडी तयार करतो आणि त्याचा गुप्त कोड फोनमधल्या गेमच्या खासगी जागेत ठेवतो. ऑनलाइन गेममध्ये लेव्हल, नाणी, स्किन हे बहुतेक सगळं सर्व्हरवरच असतं. त्यामुळे त्या पोराचं खातं बहुधा अजूनही तिथंच पडून आहे, हरवली ती चावी. गेम अनइन्स्टॉल केला किंवा 'Clear data' दाबलं तरी हेच होतं. 'Clear cache'ने मात्र काही बिघडत नाही.

मग निपाणीचा मावसभाऊ म्हणतो, "माझा गेम काढून परत टाकला तरी लेव्हल तशीच!" तोही खोटं बोलत नाही. काही गेम अँड्रॉइडचा डिव्हाइस क्रमांक पाहून खेळाडू ओळखतात. अँड्रॉइड 8 पासून हा क्रमांक प्रत्येक अ‍ॅपसाठी सहसा वेगळा असतो. अनइन्स्टॉल केल्याने तो सहसा बदलत नाही, पण फॅक्टरी रीसेटने बदलतो आणि नव्या फोनवर तर वेगळाच असतो. म्हणजे ही नशिबाची सोय आहे, तिच्यावर विसंबू नये.

लिंक करणं म्हणजे तोच प्लेयर आयडी सर्व्हरवर तुमच्या गूगल, अ‍ॅपल किंवा फेसबुक खात्याशी जोडणं. हे गेस्ट खातं चालू असतानाच करायचं, लॉगआउट करून नव्हे. आधी प्रोफाइलमधल्या प्लेयर आयडीचा स्क्रीनशॉट काढून तो फोनबाहेर कुठंतरी ठेवा. मग गेमच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली 'Link' किंवा 'Bind' शोधा.

खरा घोळ पुढे होतो. त्या गूगल खात्यावर आधीच तोच गेम खेळलेला असेल, समजा धाकट्या भावाने, तर गेम विचारतो: कुठली प्रगती ठेवू? एका बाजूला लेव्हल 42, दुसऱ्या बाजूला लेव्हल 3. इथं घाईत बोट पडलं तर 42 वर पाणी. नाव आणि लेव्हल वाचूनच निवडा. शंका आली तर रद्द करून या गेमसाठी न वापरलेलं खातं जोडा. ते तुमचंच हवं, फोन घेताना दुकानदाराने घालून दिलेलं नको. त्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक नसतो.

जोडलं गेलं का, हे घरातल्या दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करून कळतं. तिथं तोच प्लेयर आयडी दिसला पाहिजे, नुसतं नाव नव्हे.

आणि लिंक न करताच गेलं असेल तर? गेमच्या सपोर्टला प्लेयर आयडी कळवा. पैसे भरून काही घेतलं असेल, तर गूगल प्लेच्या पावतीवरचा GPA. ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांकही द्या. मालकीचा त्याहून भक्कम पुरावा गेस्टकडे सहसा नसतो. फुकट खेळणाऱ्याकडे तो पुरावाही नसतो.