वारली शैलीतील व्यक्तिचित्र

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाजाच्या घरांच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या चित्रांची रेषाभाषा वापरून एखाद्या ओळखीच्या माणसाचे चित्र रेखाटण्याची ही आधुनिक रीत आहे. गेरूच्या भुईवर पांढऱ्या रेषा, वर्तुळाचे डोके, एकमेकांना टोकाशी भिडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड आणि काडीसारखे हातपाय एवढ्याच साहित्यातून 'हा अमुक माणूस' असे पाहणाऱ्याला वाटायला लावायचे असते.

मूळ परंपरेत व्यक्तिचित्र नाही. लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीची चौकोनी आकृती, लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि चौकाच्या मधोमध सुफलतेची पालघट देवी असते. त्या चित्रातही नवरानवरी येतात, पण ती कोणत्याही घरची असू शकतात. चेहऱ्याला डोळे, नाक, ओठ नसतात आणि कोणी ते मागतही नाही. गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (निधन २०१८, पद्मश्री २०११) यांनी १९७० च्या दशकापासून ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, त्यांत शेती, मासेमारी, गोष्टी असे विषय आले. त्यानंतर गिऱ्हाईक आपल्या आजोबांचे, लग्नातल्या जोडप्याचे किंवा एखाद्या थोर माणसाचे चित्र 'वारलीत' मागू लागले. मागणी नवी आणि भाषा जुनी, त्यामुळे सगळी अडचण एका ठिकाणी येऊन थांबते: चेहऱ्यावाचून माणूस कसा ओळखायचा?

उत्तर वारली चित्रातच दडलेले आहे. तिथे सगळी माणसे सारखी दिसतात असे बाहेरून वाटते, पण तारपा वाजवणारा, जाळे फेकणारा, भात लावणारी, ताडावर चढणारा हे क्षणात वेगळे कळतात. ओळख तोंडात नसून कंबरेच्या वाकात, गुडघ्याच्या मोडीत आणि हातातल्या वस्तूत आहे. दोन त्रिकोण ज्या टोकाशी भेटतात तो बिंदू म्हणजे बिजागरी. वरचा त्रिकोण पुढे कलला की माणूस काम करतो, मागे कलला की ओझे ओढतो. डोक्याच्या मागच्या बाजूला छोटे वर्तुळ जोडले की तो अंबाडा होतो आणि बाई कोणत्या दिशेला पाहते आहे तेही कळते. म्हणजे व्यक्तिचित्र काढणाऱ्याने ओळखीच्या खुणा चेहऱ्यावरून अंगावर उतरवून घ्यायच्या असतात.

खुणा निवडताना माणूस समोर बसवून फार उपयोग होत नाही, कारण बसलेला माणूस आपल्या सवयी आवरून बसतो. तो चालताना, काम करताना, बोलताना कसा दिसतो हे पाहावे लागते. तीन गोष्टी टिपायच्या: अंगाचा बाह्याकार, अंगाची ठेवण आणि त्याच्यापासून वेगळी न होणारी वस्तू. यांपैकी एकटी खूण क्वचितच पुरते. काठी हजार म्हाताऱ्यांच्या हातात असते, चष्माही असतो. दोन-तीन खुणा एकत्र आल्या की मात्र शक्यता भराभर कमी होतात.

गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. त्यांच्या छायाचित्रांत आणि पुतळ्यांत दिसणाऱ्या खुणा अशा: डोक्यावर पालथे फुटके गाडगे, हातात खराटा, दाढी, अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात बांगडीची काच हीही त्यांची ठळक आठवण आहे. समजा चित्र ४५ × ६० सेंटिमीटर कापडावर काढायचे आहे आणि आकृती सुमारे ३० सेंटिमीटर उंच हवी आहे. डोक्याचे वर्तुळ साधारण साडेतीन सेंटिमीटर ठेवावे. इथेच पहिला मोह होतो: डोके मोठे केले तर त्यात डोळे, दाढी, कवडी सगळे मावेल. पण डोके उंचीच्या चौथ्या भागाइतके झाले की अंगाची लय मोडते आणि आकृती व्यंगचित्रासारखी होते. त्यापेक्षा कवडी सोडून द्यावी. या मापात ती तीन मिलिमीटरचा ठिपका असेल, आणि तो ठिपका ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच दिसेल.

आता गाडगे. वारली चित्रांत डोक्यावर भांडे घेतलेली आकृती म्हणजे पाण्याला निघालेली बाई, आणि ही वाचण्याची सवय फार पक्की आहे. गाडगे थोडे उभट काढले, वर तोंड दाखवले किंवा डोके आणि भांडे यांत चुंबळीइतकी जागा सोडली, की बाबांची पाणवाहिनी होते. म्हणून गाडगे उघड्या बाजूने खाली, अर्ध्या वर्तुळाच्या आकारात, डोक्याच्या वर्तुळावर थोडे खाली घसरलेले काढावे. काठाचा एक तुकडा मुद्दाम तोडलेला ठेवावा, म्हणजे ते फुटके आहे हे कळते. डोक्याच्या खालच्या कडेपासून पाच-सहा बारीक तुटक रेषा खाली सोडल्या की दाढी होते. चेहऱ्यात याहून जास्त काही नको.

धड पुढे वाकलेले हवे. खालचा त्रिकोण जवळजवळ सरळ ठेवून वरचा त्रिकोण कंबरेच्या बिंदूवर उभ्या रेषेपासून ३५ ते ४० अंश झुकवावा, एक पाय पुढे आणि दोन्ही गुडघे मोडलेले. खराटा दोन्ही हातांत, मुठीपासून टोकाकडे पसरत जाणाऱ्या आठ-दहा रेषांचा. टोके जमिनीला टेकलेली हवीत, नाहीतर तो केरसुणी घेऊन निघालेला माणूस दिसतो. त्यापुढे जमिनीलगत थोडे ठिपके म्हणजे उडालेली धूळ. कपड्यासाठी मात्र त्रिकोण पांढरा भरू नये. वरच्या त्रिकोणाचे वेडेवाकडे पाच-सहा तुकडे करून प्रत्येकात रेषा वेगळ्या दिशेने ओढाव्यात: एकात आडव्या, एकात तिरप्या, एकात जाळीच्या. चिंध्यांची गोधडी एवढ्यानेच वाचली जाते, आणि शेजारच्या भरीव त्रिकोणांच्या गावकऱ्यांपेक्षा आकृती वेगळी उठून दिसते. बाबा मध्यभागी असले तरी बाकीच्यांपेक्षा दीडपट उंची पुरे. त्याहून मोठे केले की ते गाव झाडणारे न राहता गावावर उभे असलेले देव दिसतात, आणि त्यांच्या बाबतीत हे जरा विचित्रच ठरेल.

पडताळणी सोपी असते. काढलेले चित्र दहा फुटांवर ठेवून, नाव न सांगता, कोणाला तरी विचारायचे. 'झाडूवाला' असे उत्तर आले तर गाडगे नीट वाचले जात नाही. 'पाणी आणणारी' असे आले तर ते पालथे वाटत नाही. 'म्हातारा' असे आले तर खराटा किंवा वाक कमी पडला. चुकीचे उत्तरच कुठली खूण हरवली हे सांगून जाते, म्हणून 'छान आहे' या शब्दांपेक्षा ते उपयोगाचे. दुरुस्ती करण्यापूर्वी रंग सुकू द्यावा, कारण तांदळाच्या पिठाची रेषा ओली असताना फिकट, अर्धपारदर्शक दिसते आणि सुकल्यावर पांढरी उठते. ओल्यातच घाई केली की रेषा दुप्पट जाड होतात. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने हे अधिकच होते. पिठात थोडा डिंक मिसळला तर रेषा पापुद्र्यासारखी सुटत नाही. आज बहुतेक जण पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग वापरतात, त्यात हा फरक जवळजवळ नसतो.

मागणी मात्र अनेकदा चेहऱ्याचीच असते. त्यावर निघालेला तोडगा असा की, मोठ्या चेहऱ्याच्या आकारात शेकडो लहान वारली आकृत्या भराव्यात, आणि त्या दाट-विरळ ठेवून उजेड-सावली दाखवावी. भित्तिचित्रांत आणि पोस्टरांवर हा प्रकार खूप दिसतो. त्यात एक ठरलेली चूक होते. पेन्सिलीने कागदावर काढायची सवय असलेला माणूस जिथे सावली आहे तिथे रेषा दाट करतो. पण इथे भुई गडद आणि रेषा पांढरी असते, म्हणून दाट जागा उजळ दिसते. सावलीत, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली आकृत्या भरल्या तर चेहरा फोटोच्या निगेटिव्हसारखा होतो, आणि निगेटिव्हमधला चेहरा ओळखायला माणसाला फार अवघड जाते. उलट कपाळ, नाकाचा दांडा, गालाचे उंचवटे, खालचा ओठ इथे आकृत्या दाट आणि डोळे गेरूचेच मोकळे, असे ठेवले की चेहरा उभा राहतो.

यासाठी बाजूने उजेड पडलेला फोटो घेऊन तो संगणकावर दोनच छटांचा करतात आणि उजळ भागांच्या कडा खडूने भुईवर उतरवतात. या कडा रेषेने पक्क्या करत नाहीत, आकृत्यांच्या हातापायांनीच त्या तयार होऊ द्यायच्या असतात. आकृती अडीच सेंटिमीटरची असेल तर चेहरा निदान ६० सेंटिमीटर उंच लागतो. त्याहून लहान चेहऱ्यात एक डोळा म्हणजे दोन-तीन आकृत्यांची जागा, आणि तेवढ्यात बुबुळ, पापणी, भुवई वेगळी होत नाहीत. अशा चित्राची खरी ओळख दूर उभे राहून पटते. जवळ गेल्यावर नाचणारे, नांगरणारे, पाणी भरणारे दिसतात. तयार करताना डोळे अर्धवट मिटून पाहण्याची सवय लागते. त्यात जो भाग धुरकट होऊन हरवतो तिथे भरणी कमी पडली आहे. माझ्या मते या चित्राला वारली म्हणण्यापेक्षा वारली आकृत्यांनी भरलेला फोटो म्हणणे योग्य, कारण इथे माणूस फोटोने ओळखला जातो आणि आकृत्या फक्त छटा देतात.

दोन्ही प्रकारांत पालघट आणि चौकाची चौकट व्यक्तिचित्राभोवती सजावट म्हणून वापरणे टाळावे. तो लग्नविधीचा भाग आहे, नक्षी नाही. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय मानांकन, मिळाले, तेव्हा वारली नसलेल्या कलाकाराने आपल्या कामाला 'वारली चित्र' असे नाव देऊन विकण्याआधी त्याचे नियम पाहून घ्यावेत.

अंगावर उतरणाऱ्या खुणा ज्याच्याकडे नाहीत त्याच्यापुढे ही भाषा अडते. कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसणारा, सगळ्यांसारखाच शर्ट-पॅंट घालणारा माणूस त्रिकोणांत उतरवला तर तो कोणीही असू शकतो. मग घरच्यांकडून त्याच्या सवयी काढून घ्याव्या लागतात: सकाळी कुत्र्याला ओढत नेणारा, पायरीवर बसून पान लावणारा, नातवाला खांद्यावर घेऊन चालणारा. जुळ्या भावांना किंवा एकाच धंद्यातल्या दोघांना वेगळे करणे, हसू, नजर आणि वयातला लहान फरक दाखवणे हे मात्र या रेषांना जमत नाही, आणि तसे काम मागणाऱ्याला सुरुवातीलाच नाही म्हणणे बरे.