शाळेतला रिकाम्या पेनांचा खोका: पार्श्वभूमी

बऱ्याच शाळांच्या जिन्याखाली हल्ली एक खोका दिसतो. त्यावर मुलांच्या अक्षरात 'रिकामे पेन इथे टाका' असं लिहिलेलं असतं. हा खोका आला कुठून, हे सांगायचं तर फार मागे जायची गरज नाही. टाक-दौत आणि शाईपेनच्या काळात त्याला काही कामच नव्हतं. निब झिजली की निब बदलायची, शाई संपली की भरायची. पेन हरवायचा किंवा फुटायचा, पण 'संपायचा' नाही.

बॉलपेन आल्यावरही बरीच वर्षं तसंच चाललं. आधी तर 'अक्षर बिघडतं' म्हणून खालच्या वर्गांत त्याला मनाईच असायची. पुढे पांढऱ्या अंगाचा, निळ्या टोपणाचा पेन घराघरांत पोचला. त्याचीही रिफिल कोपऱ्यावरच्या दुकानात सुटी मिळायची. टोक दातांनी ओढून काढायचं, जुनी रिफिल उपसायची, नवी सरकवायची. ओठ निळे झाले की घरी बोलणी बसायची. मग नव्या पेनाची किंमत रिफिलच्या किमतीला येऊन टेकली. रिफिल आणायला जाणारं मूल दोन रुपये जास्त देऊन अख्खा पेन आणू लागलं. पुढचे काही पेन तर असेच निघाले की ते न मोडता रिफिल बाहेरच येईना. 'यूज अँड थ्रो' हा शब्द दुकानदाराच्या तोंडी रुळला तो तेव्हाच. माझ्या मते खोक्याची गोष्ट सुरू होते ती इथे.

या शब्दाने पुढे मोठा गोंधळ घातला. 12 ऑगस्ट 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेने 'एकल वापराच्या' काही प्लास्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून बंदी आणली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न हाच आला: मग यूज अँड थ्रो पेनही बंद का? नाही. त्या यादीत कानकाड्या होत्या, फुग्यांच्या काड्या, झेंडे, ताटं-वाट्या-चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचं पातळ आवरण होतं. पेन नव्हता. नियमातली व्याख्या अशी आहे की टाकून देण्याआधी किंवा पुनर्चक्रणाला जाण्याआधी त्याच कामासाठी एकदाच वापरायची वस्तू ती एकल वापराची. पेनाने आपण महिनाभर लिहितो. दुकानातल्या बोलीत तो फेकायचा, कायद्याच्या भाषेत मात्र तो अनेकदा वापरायचा. दोन्ही खरं आहे.

बंदी नसली तर निदान जबाबदारी तरी कोणाची? इथे गुंता आणखी वाढतो. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत 'विस्तारित उत्पादक जबाबदारी'ची व्याख्या वाचली तर वाटतं, प्रश्न सुटला: वस्तूचं आयुष्य संपेपर्यंत तिची पर्यावरणाला धक्का न लावता विल्हेवाट लावण्याची उत्पादकाची जबाबदारी. शब्द 'वस्तू' असा आहे. पण त्याच नियमांत 'उत्पादक' कोण हे पाहिलं तर पिशव्या, बहुपदरी वेष्टनं, प्लास्टिकच्या शीट बनवणारे आणि त्यांत माल गुंडाळणारे, असा अर्थ लागतो. 16 फेब्रुवारी 2022 ला या जबाबदारीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली, तीही वेष्टनांसाठीच: कडक वेष्टन, लवचीक वेष्टन, बहुपदरी वेष्टन आणि विघटनशील प्लास्टिक. म्हणजे पाच पेनांचा पाउच घेतला, तर बाहेरची चकचकीत पिशवी परत गोळा करण्याचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो. आतले पाच पेन मात्र त्या हिशेबात येत नाहीत. पिशवीपेक्षा कितीतरी जड असूनही. पेनांची जबाबदारी उत्पादकांवर टाका, अशी मागणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंतही गेली होती. तिथल्या कागदांतही वाद शेवटी याच शब्दापाशी घुटमळतो: पेन ही वस्तू आहे, वेष्टन नाही.

ही जागा मोकळी राहिली आणि खोका तिथे येऊन बसला. केरळात गेल्या दशकाच्या उत्तरार्धात शाळांमधून रिकामे पेन गोळा करण्याची मोठी मोहीम झाली. युरोपात एका पेन कंपनीने त्याच्याही आधी शाळांत खोके ठेवले होते. आपल्याकडे ते आले पर्यावरण मंडळाच्या कार्यक्रमातून, आणि बहुतेक ठिकाणी पुढचा टप्पा न ठरवताच. पुढचा टप्पा म्हणजे भंगारवाला. तो वही-पुस्तकं घेतो, पत्रा घेतो, पेनांचा खोका पाहून मान हलवतो. त्याचंही काही चुकत नाही. एका साध्या पेनात टोपण आणि रिफिलची नळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, पारदर्शक अंग पॉलिस्टायरीनचं, टोक पितळेचं किंवा तशाच मिश्रधातूचं, त्यातली गोळी टंगस्टन कार्बाइडची, आणि नळीत उरलेली तेलकट शाई. ही दोन प्लास्टिकं एकत्र वितळवली तर एकजीव होत नाहीत. निघालेला माल ठिसूळ होतो.

वेगळं करणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही एक खोका वर्गात ओतला. तळाशी सगळं निळं-काळं माखलेलं. कोणीतरी गळक्या जेल रिफिली तशाच टाकल्या होत्या. त्या बाजूला काढून टोपणं, अंगं, नळ्या आणि स्प्रिंगा असे चार ढीग केले. टोकं पकडीने उपटली. शंका आलेले तुकडे पाण्याच्या बादलीत सोडले. टोपणं तरंगली, कारण पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं. पारदर्शक अंगं तळाला गेली. भरपूर मीठ विरघळवलं की तीही वर येतात, मुलांना तो खेळ फार आवडला. बादली नसली तरी कळतं. वाकवल्यावर वळून पांढरं पडतं ते पॉलिप्रॉपिलीन, टक् करून तुटतं ते पॉलिस्टायरीन. फक्त तुकड्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा, नाहीतर बुडणाराही तरंगतो आणि ढीग चुकतो. अपारदर्शक रंगीत अंगांचा भरवसा नाही, ती कशाचीही असतात.

आणि मग वजन. एका पेनाचं प्लास्टिक पाच ग्रॅमच्या आसपास. 40 मुलांची तुकडी, महिन्याला एक पेन, शाळेचे दहा महिने असं धरलं तर 400 पेन, म्हणजे दोन किलो. बारा तुकड्यांच्या शाळेत वर्षाचे चोवीस किलो, तेही दोन-तीन ढिगांत वाटलेले. पुनर्चक्रण करणारा कारखाना क्विंटलमध्ये बोलतो. त्यामुळे एकट्या शाळेचा खोका कुठेच जात नाही. तालुक्यातल्या वीस-पंचवीस शाळांनी वर्गवारी केलेला माल एका ठिकाणी आणला, तरच टेम्पो भरण्याची भाषा सुरू होते.

ज्यांना हे जमलं नाही, त्यांनी कार्यानुभवाच्या तासाचा आसरा घेतला: टाकाऊतून टिकाऊ. रिफिलींचं तोरण, पेनांचा आकाशकंदील, टोपणांची रांगोळी. यात एक खोच आहे, जी प्रदर्शनाच्या दिवशी कोणी काढत नाही. थर्मोकोलवर गरम गोंदाने चिकटवलेले तीनशे पेन पुन्हा सुटे होत नाहीत. जे चार ढिगांत जाऊ शकत होते, ते कायमचे एकाच मिश्र वस्तूत अडकले. दोऱ्याने ओवलेलं तोरण मात्र सोडवता येतं, म्हणून आमच्याकडे आता गोंदाला बंदी आहे. कलाशिक्षकांना ते अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दोऱ्याच्या कंदिलाला आकार येत नाही.