आकडे तेच, जागा बदललेल्या

ठाण्यातील मशीन लर्निंगच्या एका वर्गात मी तपासत असलेल्या सरावप्रश्नात, घोडबंदर रस्त्याच्या २०० छायाचित्रांपैकी कोणत्या छायाचित्रांत खड्डा आहे हे मॉडेलने ओळखायचे होते. एका विद्यार्थिनीचे प्रिसिजन ०.७५ आणि रिकॉल ०.६० आले, तर तिच्या शेजारच्या मुलाचे नेमके उलटे. अचूकता मात्र दोघांचीही ८५ टक्के होती आणि प्रिसिजन व रिकॉल यांचा मेळ घालणारा एफ-वन गुणही ०.६७ असा सारखाच होता, त्यामुळे आपले काही चुकले असेल अशी शंका दोघांनाही आली नाही. विद्यार्थिनीचा कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे खरी उत्तरे आणि अंदाज यांचा ताळा दाखवणारा तक्ता, असा होता:

```
[[140  10]
 [ 20  30]]
```

मशीन लर्निंगसाठीच्या सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत आडव्या ओळी खऱ्या उत्तरांच्या आणि उभे स्तंभ मॉडेलच्या अंदाजांचे असतात. खड्डा नसलेल्या छायाचित्रांना ० आणि असलेल्यांना १ असे क्रमांक दिलेले असतील, तर ० आधी येतो. म्हणजे येथे ३० खड्डे बरोबर ओळखले गेले, २० निसटले आणि १० वेळा खड्डा नसताना मॉडेलने तो आहे असे सांगितले. मॉडेलने खड्डा म्हणून दाखवलेल्या ४० छायाचित्रांपैकी ३० खरी, म्हणून प्रिसिजन ०.७५, प्रत्यक्षातील ५० खड्ड्यांपैकी ३० सापडले, म्हणून रिकॉल ०.६०.

शेजारच्या मुलाने मॅट्रिक्ससाठी दिलेली आज्ञा पाहिल्यावर घोटाळा कळला:

```
confusion_matrix(y_pred, y_test)
```

खरी उत्तरे आधी द्यायची असताना त्याने अंदाज आधी दिले होते. त्यामुळे ओळींचे स्तंभ झाले आणि १० व २० यांची अदलाबदल झाली. एफ-वनच्या सूत्रात हे दोन्ही आकडे बेरजेनेच येतात आणि अचूकतेत तर फक्त बरोबर उत्तरे मोजली जातात; म्हणूनच हे दोन्ही निकष या चुकीबाबत गप्प राहिले. एकूण बेरीज २०० येते का, हे पाहूनही उपयोग नव्हता, कारण ती दोन्हीकडे जुळतच होती.

खरी कसोटी मॉडेलकडे न पाहता लागते. चाचणीसंचात खड्ड्याची छायाचित्रे किती, हे फक्त `y_test` मधून, म्हणजे खऱ्या उत्तरांतून मोजावे. येथे ती ५० होती. विद्यार्थिनीच्या खालच्या ओळीची बेरीज, २० अधिक ३०, तेवढीच येते. मुलाच्या खालच्या ओळीत १० आणि ३० होते, म्हणजे ४०. मॉडेल कितीही वाईट असले, तरी प्रत्यक्षातील खड्ड्यांची संख्या त्याच्यामुळे बदलू शकत नाही, म्हणून मला ही पडताळणी सर्वांत भरवशाची वाटते. तिच्यामुळे त्याच्या उत्तरातील खरा धोकाही दिसला: प्रत्यक्षात पाचातले दोन खड्डे निसटत असताना त्याचा आकडा चारातला एकच निसटतो असे सांगत होता.

पुष्कळ पुस्तकांत बरोबर ओळखलेल्या खड्ड्यांची संख्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छापतात. त्या सवयीने येथे १४० हाच तो आकडा धरला, तर प्रिसिजन ०.८८ आणि रिकॉल ०.९३ असे देखणे आकडे मिळतात. पण ते खड्डा नसलेल्या रस्त्याचे असतात. तेव्हाही पहिल्या ओळीची बेरीज १५० येते, ५० नव्हे, आणि चूक तिथेच सापडते. निसटलेले खड्डे आणि खोटे इशारे योगायोगाने सारखेच असतील, तर मात्र अंदाज आधी दिल्याची चूक बेरजेतून दिसणार नाही. अर्थात तेव्हा प्रिसिजन आणि रिकॉलही एकसमानच असतात.